पेमेंट सक्सेस रेट घसरलाय? गेटवे बदलण्याआधी हे तपासा

जून उजाडला की क्लासचालकांचे आणि छोट्या ऑनलाइन दुकानदारांचे मला हमखास फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो, "सर, पेमेंट फेल व्हायला लागलीत, गेटवे बदलू का?" बहुतेक वेळा गेटवेचा, म्हणजे साइटवर ग्राहकाचे पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचा, दोष नसतो, आणि असलाच तरी बदलून तो जात नाही. खाली तपासण्या मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या दोन फुकट आहेत, त्यांना कुणाची परवानगी लागत नाही आणि अर्ध्या तासात त्या उरकतात. शेवटच्या मात्र वेळखाऊ आहेत.

लक्षणं

यातलं एक किंवा अधिक दिसत असेल तर पुढे वाचा.

- एकूण सक्सेस रेट आठवड्याभरात पाच-सात टक्क्यांनी उतरला, पण साइटवर कुणी काही बदललेलं नाही.
- "अमुक बँकेचं पेमेंट होतच नाही" अशी ठरावीक लोकांची तक्रार येते, बाकीच्यांचं मात्र सुरळीत चालू असतं.
- रिपोर्टमधली यूपीआयची बरीचशी फेल पेमेंट `U30` या एकाच कोडखाली दिसतात.
- गेटवेच्या डॅशबोर्डवर एक टक्का, तुमच्या ऑर्डरच्या वहीत दुसराच.
- ग्राहक म्हणतो पैसे कापले गेले, तुमच्याकडे ऑर्डर फेल.

पहिली तपासणी: टक्केवारी कशाची आहे?

हा प्रश्न सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात कमी वेळा विचारला जातो. सक्सेस रेट दोन प्रकारे निघतो. यशस्वी प्रयत्नांना एकूण प्रयत्नांनी भागलं की एक आकडा येतो. पैसे भरलेल्या ऑर्डरींना पैसे भरायला निघालेल्या ऑर्डरींनी भागलं की दुसरा. खात्यात शिल्लक नसलेला माणूस एकाच फीसाठी चार वेळा बटण दाबतो आणि पाचव्या वेळी भावाच्या फोनवरून भरतो. प्रयत्नांच्या हिशेबात हे वीस टक्के, ऑर्डरच्या हिशेबात शंभर टक्के. गेटवे आपल्या डॅशबोर्डवर बहुधा पहिला आकडा दाखवतो, तुमच्या वहीत असतो दुसरा. दोन्ही बरोबरच आहेत, पण मागच्या महिन्याचा एक आणि या महिन्याचा दुसरा घेऊन तुलना केली तर नसलेली घसरण दिसायला लागते.

बँकेची किंवा यंत्रणेची तब्येत पाहायची असेल तर प्रयत्न मोजा. धंद्याचं नुकसान पाहायचं असेल तर ऑर्डर मोजा. मी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवतो. प्रयत्नांचा रेट पडला आणि ऑर्डरचा टिकला, तर लोक अडखळताहेत पण भरताहेत. दोन्ही पडले तर खरंच पैसे बुडताहेत.

याच बैठकीत आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. पहिली म्हणजे पेंडिंग. निकाल न लागलेलं पेमेंट तुमच्या शीटमध्ये फेलमध्ये धरलंय की वगळलंय? आजचा रेट आज दुपारी काढला तर पेंडिंगमुळे तो नेहमीच वाईट दिसतो, म्हणून मी निदान दोन दिवस जुना डेटा घेतो. दुसरी म्हणजे वेळ. रिपोर्ट यूटीसी वेळेत असेल तर तो आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतो. रविवारी पहाटे तीनला झालेला प्रयत्न त्यात शनिवारी रात्री साडेनऊचा म्हणून दिसतो. रात्री बँकांची देखभालीची कामं चालतात तेव्हा होणारी फेल पेमेंट अशा रिपोर्टात भर संध्याकाळची वाटतात, आणि मग माणूस भलत्याच वेळी कारण शोधत बसतो.

दुसरी तपासणी: रेट पडलाय की माणसं बदललीत?

इथून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊन चालू. स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासने तालुक्याच्या गावांसाठी ऑनलाइन बॅच काढली आणि पुढच्याच आठवड्यात सक्सेस रेट ७७ वरून ७१ टक्क्यांवर आला. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केले आहेत.

आधीच्या आठवड्यात १००० प्रयत्न होते. त्यातले ९०० मोठ्या बँकांच्या खात्यांवरून आले आणि ७२० यशस्वी झाले, म्हणजे ८० टक्के. उरलेले १०० छोट्या सहकारी बँकांच्या खात्यांवरून आले आणि ५० यशस्वी झाले, म्हणजे ५० टक्के. बेरीज ७७०.

घसरलेल्या आठवड्यातही १००० प्रयत्न होते. मोठ्या बँकांचे ७००, त्यातले ५६० यशस्वी, म्हणजे ८० टक्केच. सहकारी बँकांचे ३००, त्यातले १५० यशस्वी, म्हणजे ५० टक्केच. बेरीज ७१०.

एकाही गटाचा रेट हललेला नाही. सहा टक्के गेले ते फक्त कोणत्या गटाची किती माणसं आली यातल्या बदलामुळे. क्लासचालकांनी मात्र तोवर गेटवेला तीन तिखट मेल पाठवले होते आणि गेटवेने प्रत्येक वेळी "आमच्याकडे सर्व सुरळीत आहे" असं उत्तर दिलं होतं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते.

म्हणून एकूण आकड्यावर कधीच निष्कर्ष काढू नका. गेटवेची सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये उघडा, पिव्होट टेबल करा, आधी पेमेंटच्या प्रकाराने फोडा आणि मग त्या प्रकाराच्या आत बँकेने. यूपीआय, कार्ड आणि नेटबँकिंग यांचे रेट मुळातच वेगळे असतात, त्यांची सरसकट सरासरी कुठल्याच कामाची नाही. डेटाबेस हाताशी असेल तर एवढी क्वेरी पुरते, कॉलमची नावं आपल्या टेबलप्रमाणे बदला.

```sql
SELECT method, payer_bank,
       COUNT(*) AS attempts,
       ROUND(100.0 * SUM(CASE WHEN status = 'SUCCESS'
             THEN 1 ELSE 0 END) / COUNT(*), 1) AS sr
FROM payments
WHERE status <> 'PENDING'
GROUP BY method, payer_bank
HAVING COUNT(*) >= 100
ORDER BY attempts DESC;
```

तारखेची अट घालून हीच क्वेरी दोन आठवड्यांसाठी वेगवेगळी चालवा. त्यातली शंभरची अट उगाच घातलेली नाही. ज्या बँकेचा खरा रेट ८० टक्के आहे, तिचा शंभर प्रयत्नांवरचा रेट नुसत्या योगायोगाने ७२ ते ८८ मध्ये कुठेही पडू शकतो. बारा प्रयत्नांवर "या बँकेचा रेट ५८ टक्के" असं म्हणण्यात काही अर्थ नाही. छोट्या बँका एकेकट्या मोजता येत नसतील तर त्यांचा एक गट करा, वरच्या उदाहरणात मी तेच केलं होतं.

तिसरी तपासणी: ती बँक खरंच तीच आहे का?

या क्लासच्या शीटमध्ये पहिल्यांदा सहकारी बँका दिसतच नव्हत्या. क्लासचालकांच्या मुलाने यूपीआय आयडीच्या शेपटीवरून बँका लावल्या होत्या. `@oksbi` म्हणजे स्टेट बँक, `@okhdfcbank` म्हणजे एचडीएफसी. त्या हिशेबाने स्टेट बँकेचा रेट कोसळलेला दिसत होता आणि घरात स्टेट बँकेच्या नावाने खडे फोडणं सुरू होतं.

यूपीआय आयडीच्या शेपटीवरून पैसे कुठल्या खात्यातून जातात ते कळत नाही. ती शेपटी त्या अ‍ॅपला यूपीआयशी जोडणाऱ्या बँकेची असते. गूगल पेवर `@oksbi` असलेल्या माणसाचं खातं बँक ऑफ महाराष्ट्रात असेल, नाहीतर एखाद्या नागरी सहकारी बँकेत. फोनपेच्या `@ybl` चंही तसंच. यूपीआयच्या एका व्यवहारात अ‍ॅपमागची बँक, पैसे ज्यातून कापले जातात ती बँक आणि तुमच्या गेटवेमागची बँक अशा तीन वेगळ्या बँका असू शकतात. शिल्लक, पिन, मर्यादा या सगळ्यांवरून नकार देते ती मधली. विश्लेषण तिच्यावरच व्हायला हवं.

तिचं नाव काही गेटवे रिपोर्टात देतात, काही खात्याचा आयएफएससी देतात, काही मागितल्यावर देतात. मागा. आयएफएससी मिळाला तर त्यातही एक खाच आहे. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पेमेंट यंत्रणेत थेट सभासद नसलेल्या बऱ्याच सहकारी बँका एखाद्या मोठ्या बँकेमार्फत जोडलेल्या असतात आणि त्यांच्या शाखांचे आयएफएससी त्या मोठ्या बँकेच्याच चार अक्षरांनी सुरू होतात. एक्सेलमध्ये `LEFT(A2,4)` लावलं की या सगळ्या बँका मोठ्या बँकेच्या पोटात गडप होतात. पूर्ण अकरा अक्षरांवर गट करा, फेल जास्त असलेले कोड वेगळे काढा आणि ते कुठल्या शाखेचे आहेत ते शोधा. या क्लासच्या बाबतीत सहकारी बँकांचा गट असाच वर आला.

छोट्या बँका एकत्र का पडतात तेही इथेच कळतं. अनेकींची कोअर बँकिंग यंत्रणा एकाच कंपनीकडे असते. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला किरकोळ पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं, आणि देशभरातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय त्या काळात बंद होतं. तुमच्या शीटमध्ये एकमेकींशी काही संबंध नसलेल्या पाच-सात छोट्या बँका एकाच तासाला शून्यावर आल्या, तर पाच-सात कारणं शोधू नका.

चौथी तपासणी: कोड वाचा, पण आतला

आता गट सापडला. त्याची १५० फेल पेमेंट उघडली तर बहुतेकांवर `U30`. त्याचा अर्थ एवढाच की खात्यातून पैसे कापले गेले नाहीत. का कापले गेले नाहीत, ते `U30` सांगत नाही. हे नुसतं पाकीट आहे, चिठ्ठी आत असते. यूपीआयच्या उत्तरात दोन कोड असतात, एक एनपीसीआयच्या पातळीवरचा आणि एक खातं असलेल्या बँकेने दिलेला.

```xml
<Resp result="FAILURE" errCode="U30">
  <Ref type="PAYER" respCode="Z8"/>
</Resp>
```

हे मूळ उत्तर व्यापाऱ्याला दिसत नाही, गेटवे ते गाळून देतो. बरेच गेटवे त्याचं "पेमेंट फेल झालं, कृपया पुन्हा प्रयत्न करा" असं गुळमुळीत वाक्य करून टाकतात. पण बँकेचा कोड त्यांच्याकडे असतो. रिपोर्टात जास्तीचा कॉलम लावून द्या असं सपोर्टला लिहा, आणि हा कॉलम येईपर्यंत पुढे जाऊ नका. त्याशिवायचं सगळं विश्लेषण अंदाजपंचे.

कॉलम आला तेव्हा क्लासचं चित्र असं दिसलं. १५० पैकी ११० वर `Z8`, २५ वर `Z9`, उरलेले १५ किरकोळ. `Z9` म्हणजे शिल्लक नाही. `Z8` म्हणजे खातं असलेल्या बँकेने एका व्यवहारासाठी ठरवलेली मर्यादा ओलांडली. व्यापाऱ्याला यूपीआयने पैसे देण्याची साधारण मर्यादा १ लाख रुपये आहे हे सगळे जाणतात, पण बँकेला स्वतःची मर्यादा त्याहून खाली ठेवता येते हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. छोट्या बँका ती बऱ्याचदा खालीच ठेवतात.

मग तोच डेटा रकमेने फोडला. क्लासचे दोन कोर्स होते, ९००० रुपयांचा आणि १५,००० रुपयांचा. सहकारी गटातले ९००० चे व्यवहार मोठ्या बँकांइतकेच सुरळीत जात होते. १५,००० चे जवळजवळ सगळे पडत होते. एका पालकाने पाठवलेला स्क्रीनशॉट माझ्याकडे अजून आहे. सव्वा अकरा, अकरा सतरा, अकरा बावीस, तीन लाल फुल्या आणि तिन्ही वेळा रक्कम तीच, १५,०००. खाली त्यांनी लिहिलं होतं, "सर खात्यात पैसे आहेत, पासबुकचा फोटो पाठवू का?" पासबुकाचा इथे काही उपयोगच नव्हता. अ‍ॅपने त्यांना मर्यादेबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता, म्हणून ते बिचारे पुन्हा-पुन्हा दाबत राहिले. त्या ११० प्रयत्नांमागे विद्यार्थी चाळीसच होते.

उपाय गेटवेकडे नव्हताच. क्लासने १५,००० च्या कोर्सला ७५०० चे दोन हप्ते करण्याची सोय दिली, आणि `Z8` आला की पानावर "तुमच्या बँकेची यूपीआय मर्यादा कमी असू शकते, दोन हप्त्यांत भरा किंवा नेटबँकिंग वापरा" असा मजकूर लावला. बदल एका दुपारचा होता. हप्ते एकाच दिवशी भरले तर बँकेची दिवसाची एकूण मर्यादाही आड येऊ शकते, म्हणून दुसऱ्या हप्त्याला दुसऱ्या दिवसाची मुभा ठेवली.

बाकीचे यूपीआय कोडही मी याच नजरेने वाचतो. कोडचं इंग्रजी वर्णन पाठ करण्यापेक्षा पुढची हालचाल कोणाच्या हातात आहे एवढं पाहावं. `Z9`, चुकीचा पिन सांगणारा `ZM` आणि ग्राहकाने स्वतः नकार दिल्याचा `ZA` हे ग्राहकाच्या हातातले. `Z9` पगाराच्या आधीच्या दिवसांत वाढतो, त्याला औषध नाही, पण हप्त्याची आठवण २७ तारखेऐवजी ३ तारखेला पाठवली तर फरक दिसतो. `Z6` म्हणजे पिन इतक्या वेळा चुकला की बँकेने दार लावलं. अशा माणसाला "पुन्हा प्रयत्न करा" म्हणणं हा छळ आहे, त्याला पिन नव्याने सेट करायला किंवा दुसरा मार्ग वापरायला सांगा. `Z8` आणि दिवसाच्या व्यवहारांची संख्या संपल्याचा `Z7` हे तुम्ही रचना बदलून टाळू शकता. `UT`, `XY` आणि `U28` बँकेची किंवा अ‍ॅपमागची यंत्रणा बंद असल्याचं सांगतात, तिथे तुम्ही काही करू शकत नाही, थांबू शकता किंवा ग्राहकाला दुसरा मार्ग दाखवू शकता. `U16` म्हणजे जोखमीच्या चाळणीत व्यवहार अडला. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

एनपीसीआयही हीच विभागणी करते. दर महिन्याला ती मोठ्या बँकांचे आकडे प्रसिद्ध करते, त्यात मंजूर व्यवहारांचा टक्का आणि त्याशेजारी BD आणि TD असे दोन कॉलम असतात. पहिला ग्राहकाच्या किंवा नियमांच्या बाजूचे नकार, दुसरा यंत्रणेच्या बाजूचे. तुमच्या शीटमधले कोड याच दोन रकान्यांत टाका आणि बँकेच्या TD शी आपला आकडा ताडून पाहा. तुमच्याकडे यंत्रणेचे नकार तिथल्यापेक्षा बरेच जास्त असतील तर गडबड बँकेत नसून तुमच्या आणि बँकेच्या मधल्या वाटेत आहे. BD मात्र असा ताडू नका. तिथे चहाच्या दहा रुपयांपासूनचे सगळे व्यवहार आहेत, तुमच्याकडे पंधरा हजारांची फी. मर्यादेचे आणि शिल्लकीचे नकार तुमच्याकडे जास्तच असणार.

पाचवी तपासणी: कार्डाचं पेमेंट कुठल्या पायरीवर पडलं?

कार्डाच्या नकारात पहिला प्रश्न कोडचा नसतो, पायरीचा असतो. आपल्याकडे ऑनलाइन कार्ड व्यवहारात आधी ओटीपीची पायरी येते आणि ती पार झाल्यावरच व्यवहार मंजुरीसाठी कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. ग्राहक ओटीपीच्या पानावर थबकला, मेसेज उशिरा आला, पान बंद केलं, तर बँकेच्या मंजुरीचा कोड तयारच होत नाही. रिपोर्टात तिथे रिकामी जागा किंवा टाइमआउट दिसतो. एखाद्या बँकेच्या कार्डांची फेल पेमेंट मुख्यतः अशी असतील तर तिचा ओटीपी पोहोचत नाहीये किंवा तिचं ओटीपीचं पान मोबाईलवर नीट उघडत नाहीये. एकदा स्वतः त्या बँकेच्या कार्डाने, मोबाईल डेटावर, शंभर रुपयांचं पेमेंट करून पाहा. दहा रिपोर्टांत सापडत नाही ते तिथे दिसतं.

ओटीपीनंतरच्या कोडांपैकी रोज भेटणारे चार-पाचच. `51` शिल्लक किंवा क्रेडिट मर्यादा अपुरी, `54` कार्डाची मुदत संपली, `91` बँकेची यंत्रणा बंद, आणि `05` म्हणजे बँक नाही म्हणतेय पण कारण सांगत नाही. `05` वर तर्क लढवत बसू नका. ग्राहकाने आपल्या बँकेला विचारणं हाच मार्ग, आणि त्याच कार्डावर लागोपाठ प्रयत्न केले तर बँकेचा संशय वाढतो.

`57` मात्र आपल्याकडे लक्षात ठेवण्यासारखा आहे, म्हणजे या कार्डावर या प्रकारच्या व्यवहाराला परवानगी नाही. रिझर्व्ह बँकेच्या १६ मार्च २०२० पासून लागू झालेल्या नियमामुळे नवीन कार्ड हातात येतं तेव्हा ते देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतंच चालू असतं, ऑनलाइन वापर ग्राहकाने स्वतः चालू करायचा असतो. कार्ड बदलून आलं की लोक हे विसरतात. `57` आला की "बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचा ऑनलाइन वापर चालू करा" हे एक वाक्य दाखवा. त्यातले बरेच जण पाच मिनिटांत परत येतात.

सहावी तपासणी: पैसे कापले, ऑर्डर फेल

इथे घाई महागात पडते. `U67` खात्यातून पैसे कापण्याचं उत्तर वेळेत न आल्याचा कोड आहे, `U68` समोरच्या खात्यात जमा झाल्याचं उत्तर वेळेत न आल्याचा. दोन्हीत निकाल अजून लागलेला नसतो. तुमच्या प्रोग्रॅमने त्यांना सरळ फेल ठरवलं आणि ग्राहकाला पुन्हा भरायला लावलं, तर एकाच फीचे दोनदा पैसे येतात आणि मग परताव्याची कटकट.

तुमच्या सिस्टिममध्ये तिसरी अवस्था हवी, "निकाल बाकी". वेबहुक, म्हणजे गेटवेने तुमच्या सर्व्हरला स्वतःहून पाठवलेला निकालाचा निरोप, आला तर त्यावर, नाही आला तर गेटवेच्या स्टेटस एपीआयवर थोड्या-थोड्या अंतराने विचारून निकाल लावा, दर सेकंदाला विचारू नका. वेबहुकचा लॉगही पाहा. गेटवेने पाठवला आणि तुमच्या सर्व्हरने ५०० ही एरर दिली, असं असेल तर तुमचा सक्सेस रेट बँकेत पडत नाहीये, तुमच्याच घरात पडतोय. गेटवेच्या डॅशबोर्डवर यशस्वी आणि तुमच्याकडे फेल अशा पेमेंटची यादी काढली की हे लगेच उघड होतं.

ग्राहकाला काय सांगायचं तेही ठरवून ठेवा. व्यापाऱ्याला केलेल्या यूपीआय पेमेंटमध्ये खात्यातून पैसे गेले पण व्यापाऱ्याला खात्री मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, आणि पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ही मुदत सांगितली की माणूस शांत होतो. "आमच्याकडे आलेच नाहीत" एवढंच सांगितलं की तो भडकतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

इथे थांबा आणि गेटवेला बोलवा

पुढच्या चार प्रसंगी स्वतः खटपट करू नका.

एक, `UT`, `XY`, `U28` किंवा `91` एकाच बँकेवर दोन-तीन तासांहून जास्त टिकून आहेत. दोन, सगळ्या बँकांचे यंत्रणेचे नकार एकदम वाढलेत. तेव्हा गडबड गेटवेमागच्या बँकेत असण्याची शक्यता मोठी, आणि व्यवहार दुसऱ्या बँकेमार्फत वळवणं फक्त गेटवेलाच जमतं. तीन, `U16` किंवा कार्डावर संशयित व्यवहाराचा `59` वाढतोय. कदाचित तुमच्या व्यवसायाचा प्रकार सांगणारा कोड चुकीचा नोंदलाय, कदाचित कुणीतरी चोरीची कार्डं तुमच्या पानावर चाचपून पाहतोय. लहान रकमांचे, एकाच आयपीवरून, निरनिराळ्या कार्डांचे प्रयत्न दिसले तर दुसरीच शक्यता धरा, फोन त्याच दिवशी करा आणि ते बंद होईपर्यंत सक्सेस रेटचा विचार सोडा. चार, पाच दिवस उलटूनही अडकलेले पैसे परत गेलेले नाहीत.

ग्राहकाच्या बँकेला तुम्ही थेट फोन करण्यात अर्थ नाही, तिच्यासाठी तुम्ही कुणीच नाही. तिकडे ग्राहकाने जायचं, तुम्ही गेटवेकडे. आणि तपासाच्या नावाखाली कुणाकडून पिन, ओटीपी किंवा पूर्ण कार्ड नंबर मागू नका. कार्ड नंबर साठवून ठेवायला तर व्यापाऱ्याला ऑक्टोबर २०२२ पासून बंदीच आहे.

तिकीट लिहिताना "पेमेंट फेल होत आहेत, तातडीने पाहा" असं लिहिलं की दोन दिवसांनी साच्यातलं उत्तर येतं. त्याऐवजी निदान दहा व्यवहारांची यादी जोडा. प्रत्येकाचा गेटवेचा पेमेंट आयडी, आरआरएन म्हणजे व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, भारतीय वेळ, रक्कम, खातं असलेली बँक, आणि `errCode` व `respCode` दोन्ही. खाली एक ओळ लिहा की याच बँकेचा, याच प्रकारचा, आधीच्या चार आठवड्यांचा रेट किती होता आणि आता किती आहे. त्यांच्या तांत्रिक माणसाला नेमकं हेच लागतं, आणि पहिल्या फळीतला सपोर्टवाला अशी यादी स्वतःकडे ठेवून घेत नाही, लगेच वर सरकवतो.